हळदीच्या दिवशी दहावा

माझ्या बहिणीचं लग्न 18 मे 2025 ला, रविवारी, आमच्या घरी अंगणात होणार होतं. गाव रत्नागिरीपासून तासाभरावर, समुद्राच्या बाजूला. 8 तारखेला पहाटे तीनच्या सुमारास काका गेले. माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, वय 56, आदल्या रात्री साडेदहापर्यंत मांडवाचं माप घेत अंगणात फिरत होते. छातीत दुखतंय म्हणाले, गाडीत घातलं, अर्ध्या वाटेतच संपलं.

तेव्हा काही सुचत नव्हतं, पण पुढच्या दहा-बारा दिवसांत लग्न पुढे ढकलण्याचं सगळं काम माझ्याकडे आलं आणि ते करताना काय चुकलं, काय बरं झालं ते लिहून ठेवतोय. अशी वेळ कोणावर येऊ नये, पण आली तर त्या क्षणी डोकं चालत नाही हे मी पाहिलंय.

पहिली गोष्ट म्हणजे लग्न ठरल्या दिवशी होणार नाही हे कोणाला ठरवावं लागलंच नाही. 8 तारीख धरून मोजलं तर हळदीचा दिवस, 17 तारीख, तोच दहावा येत होता आणि लग्नाचा दिवस अकरावा. आमची वाडी सगळी एका भावकीची, सतरा घरं, म्हणजे सुतक नुसतं आमच्या घराला नाही तर वाडीलाच. भाजी चिरणाऱ्या बायका, पाणी भरणारी पोरं, वाढपी, सगळेच सुतकात. गुरुजींना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की नांदीश्राद्ध झालं असतं आणि मग ही बातमी आली असती तर कार्य अडलं नसतं, शास्त्रात तशी सोय आहे, पण तुमची नांदी 17 ला होती, तेव्हा आता प्रश्नच नाही. मला हे आधी माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नांदी झाली असती तरी काकूसमोर अक्षता टाकायची आमच्यात कोणाची छाती झाली नसती.

सकाळी सात वाजता बाबांनी स्वतः व्याह्यांना फोन केला. मी करतो म्हटलं होतं पण ते म्हणाले नको, हा मीच करायला पाहिजे. त्यांनी फक्त काका गेल्याचं सांगितलं, लग्नाचा शब्दही काढला नाही, आणि व्याह्यांनीही काढला नाही, चिपळूणहून गाडी काढून ते थेट स्मशानात आले. संध्याकाळी मी मुलाला, म्हणजे आता जे भावोजी आहेत त्यांना, वेगळा फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की लग्न पुढे ढकलावं लागेल, नवीन तारीख तेराव्यानंतर तुम्हाला विचारूनच ठरवू, तुमच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा पण आज सांगा. हा दुसरा फोन गरजेचा होता असं मला आजही वाटतं, कारण त्यांचा चिपळूणचा रिसेप्शनचा हॉल 20 तारखेचा होता आणि दुःखाच्या घरात तारखेचं कसं विचारायचं म्हणून ते चार दिवस गप्प बसले असते तर हॉलवाल्याला ती तारीख दुसऱ्या कोणाला देताच आली नसती.

आता काकांच्या फोनचं सांगतो. लग्नाचे सगळे व्यवहार काकांनी तोंडी केले होते. मंडप, आचारी, खालू बाजा, बस, फोटोग्राफर, सगळे त्यांच्या ओळखीचे, कोणाला रोख दिलेले, कोणाला त्यांच्या फोनवरून पाठवलेले. आमच्याकडे एकही कागद नव्हता. नऊ तारखेला सकाळी त्यांचा फोन वाजला, स्क्रीनवर मंडपवाल्याचं नाव, मी उचलला तर पलीकडून "दादा, बांबू चौदाला उतरवू की पंधराला?" माझ्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी कसाबसा बोललो, तो एकदम गप्प झाला, मग फोनवरच रडायला लागला. बाहेरगावी होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं की काकांचा फोन बंद करायचा नाही, चार्ज करून माझ्याजवळच ठेवायचा आणि कोणी फोन करायच्या आत आपणच करायचा. काकूला हे विचारून केलं. चुलतभावाला फोनचा पॅटर्न माहीत होता, आम्ही दोघं पडवीत बसलो आणि काकांच्या खिशातली छोटी डायरी, कॉल लिस्ट आणि पैसे पाठवलेले मेसेज असं तिन्ही जुळवून एक यादी काढली. कोणाला किती ॲडव्हान्स, एकूण किती ठरले, आणि तिसरा रकाना म्हणजे त्या माणसाचं काम नक्की कधी सुरू होतं. हा तिसरा रकाना चुलतभावाने सुचवला आणि त्याच क्रमाने आम्ही फोन केले. ॲडव्हान्स कोणाला जास्त दिलाय त्या क्रमाने केले असते तर चुकलं असतं, कारण फोटोग्राफरला सगळ्यात जास्त दिलेले पण त्याचं काम 17 ला सुरू होणार होतं, आणि आचाऱ्याला फक्त पाच हजार दिलेले पण तो दुसऱ्या दिवशी सहा माणसांची जमवाजमव करायला गावोगाव फिरणार होता.

मे महिना म्हणजे कोकणात लग्नाचा सीझन, चाकरमानी सुट्टीला आलेले, पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं. या लोकांची वर्षाची कमाई एप्रिल-मेच्या वीस-पंचवीस तारखांवर असते. आपली तारीख मोकळी झाली हे त्यांना नऊ दिवस आधी कळलं तर दुसरं काम धरायला वाव असतो, दोन दिवस आधी कळलं तर ती तारीख गेलीच. म्हणून मला वाटतं की दुःखाच्या घरातून दुसऱ्याच दिवशी व्यवहाराचा फोन करणं हे वाईट दिसत नाही, उलट न करणं हे त्यांच्यावर अन्याय आहे. गावातल्या एका आजोबांना हे पटलं नाही, म्हणाले राख थंड झाली नाही आणि तुम्ही हिशेब काढून बसलात. मला लागलं ते. पण बाबा म्हणाले कर तू.

मंडपवाल्याला ती तारीख शेजारच्या गावात पूजेसाठी लागली, त्याने सगळा ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरतो म्हणून आपणहून सांगितलं. आचारीही तसाच. फोटोग्राफर रत्नागिरीतला तरुण मुलगा, तो म्हणाला माझे पंधरा हजार तुमच्या नावावर जमा राहतील पण मी दुसऱ्या कॅमेरावाल्याला पाच हजारातले अडीच आधीच देऊन बसलोय आणि तो काही परत देणार नाही. ते अडीच हजार आम्ही वेगळे दिले. तो नको नको करत होता, पण त्याच्या खिशातून का जावेत.

बसवाल्याचं मात्र वेगळं झालं. विरारहून पाहुण्यांची एक बस ठरवली होती, दहा हजार दिलेले. त्याने साफ सांगितलं की पैसे परत मिळणार नाहीत आणि पुढच्या तारखेलाही धरणार नाही, तुमच्यामुळे मी दोन पार्ट्या सोडल्या. मला राग आला, मी आवाज चढवला, माणूस गेलाय हो आमचा असं काहीतरी बोललो. तो म्हणाला साहेब मला वाईट वाटतं पण गाडीचा हप्ता भरायचाय. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. त्याचं बरोबर होतं की नाही यापेक्षा, काकांच्या मरणाचा मी सवलत मागायला वापर केला हे मला खुपलं. नंतर कोणाशीही बोलताना मी आधी झालेलं सांगायचो, मग तारीख नाही हे सांगायचो, आणि मग विचारायचो की तुमचं आतापर्यंत काय खर्च झालंय. पैसे परत द्या हे वाक्य मी पुन्हा एकदाही वापरलं नाही, तरी बहुतेकांनी आपणहून काही ना काही सोडलं.

खालू बाजावाल्यांचं राहिलं. बारा हजार ठरलेले, दोन दिलेले. त्यातले प्रमुख काकांचे लहानपणचे दोस्त, ते बाजा न घेता दहाव्यालाच येऊन बसले होते. सहा माणसं, एका दिवसाची कमाई वाटून घेणारी, आणि ते एक शब्द बोलायला तयार नाहीत. मागत नाहीत त्यांचंच जास्त बुडतं हे बाबांना कळत होतं. बाबांनी सांगितलं की ते दोन हजार या तारखेचे म्हणून तुमच्याकडेच राहू देत, पुढच्या तारखेला पूर्ण बारा देणार.

किराणा सहा तारखेलाच येऊन पडला होता. सहाशे माणसांच्या हिशेबाने तांदळाची पोती, तूरडाळ, तेलाचे डबे, गूळ, सगळं माजघरात. कोणीतरी म्हणालं, तेराव्याला माणसं येणारच आहेत, यातलंच वापरू. आईने तिथल्या तिथे सांगितलं, लग्नाचे तांदूळ तेराव्याला शिजवायचे नाहीत. ती एरवी असलं काही मानत नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज ऐकून कोणी पुढे बोललं नाही. दुकानदाराने न फोडलेली पोती आणि सीलबंद डबे परत घेतले, फुटलेलं आमच्याकडे राहिलं, आणि तेराव्याचा शिधा आम्ही वेगळ्या दुकानातून आणला.

आता पाहुणे. इथे आमच्याकडून मोठी चूक झाली आणि ती पहिल्या दोन तासातच झाली. धाकट्या चुलतबहिणीने आठ तारखेला सकाळी रडत रडतच मेसेज टाकला, काकांचं निधन झालं, 18 तारखेचा विवाह रद्द झाला आहे. रद्द. मुंबईहून आत्येचा फोन, गेला तो भाऊच तिचा, आणि त्या दुःखातच ती विचारतेय, "लग्न मोडलं की काय रे?" भावोजींच्या आत्यालाही तो मेसेज कुठून तरी पोचला, तिकडे वेगळीच कुजबुज. मुलीच्या लग्नाच्या बाबतीत रद्द हा शब्द फार वाईट. मग मी एक मेसेज ठरवून लिहिला, बाबांना वाचून दाखवला, आणि सगळ्यांनी हाच पुढे पाठवायचा, स्वतःचं काही घालायचं नाही असं सांगितलं. तो असा होता:

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की आमचे काका गुरुवार 8 मे रोजी पहाटे गेले. त्यामुळे 18 मे चं लग्न पुढे ढकललं आहे. दोन्ही घरांनी मिळून नवीन तारीख तेराव्यानंतर ठरवायची आहे, ठरली की आम्ही स्वतः फोन करू. ज्यांनी गाडीची तिकिटं काढली आहेत त्यांनी ती लगेच रद्द करावीत, म्हणजे नुकसान कमी होईल. भेटायला येण्यासाठी कोणी धावपळ करू नये. लग्नासंबंधी काही विचारायचं असेल तर माझ्या नंबरवर विचारावं, घरच्या नंबरवर नको."

"दोन्ही घरांनी मिळून" हे शब्द मुद्दाम घातले, त्यांनी कुजबुज थांबली. शेवटच्या ओळीने आई आणि काकू वाचल्या. आणि तारीख मुद्दाम दिली नाही. दोन-तीन नातेवाईक मागे लागले होते की जूनमध्ये उरकून घ्या असं लिहून टाका. पण घरात ज्या बाईचा नवरा गेलाय तिला विचारल्याशिवाय आपण तारीख फिरवत बसलो तर तिला काय वाटेल? एकदा जाहीर केलेली तारीख परत बदलायची वेळ आली तर लोक तरी कितीदा सुट्ट्या टाकतील?

मेसेज सगळ्यांना गेला तरी जे रेल्वेने येणार होते त्यांना मी वेगळे फोन केले, कारण त्यांचं नुकसान तासागणिक वाढतं. बहुतेकांची 16 च्या रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी, काहींची मांडवी. 2025 च्या तेव्हाच्या नियमाने कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या 48 तासांपेक्षा आधी रद्द केलं तर स्लीपरला माणशी 120 आणि थर्ड एसीला 180 रुपये अधिक जीएसटी कापायचे, त्यानंतर पंचवीस टक्के, मग पन्नास. म्हणजे रात्रीच्या गाड्यांना 14 च्या रात्रीपर्यंत वेळ होता. पण मुंबईतल्या दोन म्हाताऱ्या मावश्यांची तिकिटं खिडकीवरची, कागदाची, ती कोणाला तरी परत खिडकीवर घेऊन जावी लागणार, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या मुलाला पाठवून केलं.

आणि काही जणांनी रद्द केलीच नाहीत. आम्ही 16 च्या तिकिटानेच येतो, दहाव्याला पोचू, असं आत्येच्या मुलाने कळवलं, मग अजून आठ-दहा जण तसेच आले. लग्नासाठी म्हणून काढलेल्या तिकिटावर हे लोक आले. एका मामींच्या बॅगेत लग्नात नेसायची पैठणी तशीच राहिली होती, काढायला विसरल्या होत्या, त्या बॅग उघडून तिथेच बसून राहिल्या. 17 ला सकाळी समुद्रावर पिंडाला कावळा शिवला तेव्हा नेमकी हळदीची वेळ होती. बहीण घरी होती. तिच्याशी त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, आणि ते आमचं चुकलं. सगळे काकू आणि बाबांकडे बघत होते, या मुलीचं काय चाललंय ते कोणी विचारलं नाही. तिला रडू येत होतं पण कशासाठी तेच कळत नव्हतं, काकांसाठी रडतेय की लग्नासाठी, आणि लग्नासाठी रडतेय असं कोणाला वाटलं तर, हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

20 ला तेरावं झालं, त्याच दिवशी पावसाने झोडपायला सुरुवात केली, आणि 25 मेला तर मोसमी पाऊसच तळकोकणात येऊन ठेपला. जूनचा विषय आपोआप संपला. तरी काकूने तो त्याआधीच संपवला होता. तेराव्याच्या रात्री आई तिच्याजवळ बसली, तिने विचारायच्या आत काकूच म्हणाली, "पोरीचं वर्ष नको घालवू. भात घरात आलं की करा." वाडीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणतच होत्या, वर्षाच्या आत करा नाहीतर मग तीन वर्षं थांबा. मला त्या तीन वर्षांचं काही पटत नाही, पण काकूच्या शब्दापुढे आमच्या पटण्याला किंमत नव्हती.

सुतक फिटल्यावरच देवळात जाता येतं, तेव्हा 22 ला बाबा आणि मी ग्रामदेवतेकडे गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, उजवा झाला. गुरुजींनी पंचांग काढलं. जूनच्या मध्यापासून गुरूचा अस्त, 6 जुलैपासून चातुर्मास, कार्तिकी एकादशी 2 नोव्हेंबरला, आणि डिसेंबरच्या मध्यापासून शुक्राचा अस्त. राहिला नोव्हेंबरचा शेवट. व्याह्यांशी बोलून 23 नोव्हेंबर, रविवार ठरला. आणि मग ज्यांचा ॲडव्हान्स अडकलेला त्या सगळ्यांना मी पाहुण्यांच्या आधी फोन केला, तारीख पक्की करण्याआधी मंडपवाला आणि आचारी दोघे त्या दिवशी मोकळे आहेत ना एवढं विचारूनच घेतलं.

पाहुण्यांना मात्र लगेच मेसेज टाकला नाही. 27 ऑगस्टला गणपती होते. वर्षाच्या आतले म्हणून आमच्याकडे साधेच, आरास नाही, पण गणपती आणला, आणि चाकरमानी सगळे गावात आलेले. बाबा आणि मी घरोघर गेलो आणि तोंडी सांगितलं. ज्या लोकांनी सुट्टी टाकून, तिकीट काढून, परत रद्द केलं त्यांना नुसता फॉरवर्ड पाठवणं बरं वाटत नव्हतं. गणपतीतच सांगायचं याचं अजून एक कारण म्हणजे रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, 21 नोव्हेंबरच्या गाडीचं 22 सप्टेंबरला सकाळी आठला, म्हणजे लोकांना महिनाभर आधी कळायलाच हवं होतं. जे गणपतीला आले नाहीत त्यांना फोन केले, आणि 21 सप्टेंबरच्या रात्री सगळ्यांना एक ओळीची आठवण पाठवली.

पत्रिकेवर मी अडकलो. पहिल्या पत्रिकेत काकांचं नाव बाबांच्या खाली निमंत्रकात होतं. छापखान्यातला मुलगा सरळपणे म्हणाला, नावाच्या आधी कै. लावू का? बाबा तिथून उठून बाहेर गेले. शेवटी नाव निमंत्रकातून काढून वर घेतलं, "कै." लावून, आजोबांच्या नावाशेजारी, ज्यांच्या आशीर्वादाने ही ओळ असते तिथे. पहिल्या पत्रिकेतल्या दीडशे उरल्या होत्या, हळदकुंकू लागलेल्या. त्या रद्दीत घालवेनात, काकूने फडक्यात बांधून कपाटात ठेवल्या आहेत.

नोव्हेंबरमध्ये भात कापून झालेलं, अंगण चोपून सारवलेलं. 20 तारखेला सकाळी काकांचा फोन वाजला. तो आता काकूकडेच असतो. मंडपवाला होता, सवयीने त्याच नंबरवर लावला होता. मी धावत आलो घ्यायला, पण काकूने उचलला होता. तिने त्याला बांबू कुठे उतरवायचे ते सांगितलं, विहिरीकडची बाजू मोकळी सोड, यांनी तसं माप घेतलं होतं.